वैशाखाचा चारा आषाढात पेरायचा

आपल्या गटात दुभती जनावरं नाहीत असं घर विरळाच. त्यामुळे एप्रिल-मे उजाडला की आपल्या बैठकीत हप्त्याआधी चाऱ्याचाच विषय निघतो. कडबा महाग, हिरवं कुठेच नाही, आणि डेअरीत दूध निम्म्यावर. गेल्या वर्षी आम्ही ठरवलं, चाऱ्याचा हिशोब उन्हाळ्यात नाही करायचा, जूनमध्येच करायचा. आमच्या गटातल्या एका ताईच्या घरचा तो हिशोब आज तुम्हाला सांगतो.

ताईकडे दोन गाई आणि एक म्हैस. कडबा वेगळा धरून प्रत्येकीला रोज २० किलो हिरवा चारा धरला, म्हणजे दिवसाला ६० किलो. मग आम्ही कॅलेंडर घेऊन उलटं मोजत गेलो.

ताईचा मुख्य आधार १० गुंठे संकरित नेपियर. पूर्वी त्या एका कडेने हवं तसं कापत जायच्या. दुसऱ्या कडेला पोचेपर्यंत तिथलं गवत निबर व्हायचं, जनावर पानं खाऊन दांडे टाकायचं. आता त्या दहा गुंठ्यांचे नऊ तुकडे केलेत. एक तुकडा पाच दिवस पुरवायचा. नऊ तुकडे संपतात तेव्हा ४५ दिवस झालेले असतात आणि पहिला तुकडा पुन्हा कापणीला येतो. पाणी आणि शेणखत नीट असेल तर एका तुकड्यातून साधारण २०० किलो मिळतं, म्हणजे रोजचे ४० किलो. उरलेले २० किलो पावसाळ्यात बांधावरचं गवत आणि मका-चवळीतून निघतात.

खरी अडचण दोनदा येते. थंडीत नेपियर हळू वाढतं, ४५ दिवसांत तुकडा तयारच होत नाही. म्हणून दसरा झाला की चार गुंठ्यांवर लसूणघास. चार गुंठ्यांना एक किलो बियाणं लागतं. पहिली कापणी ५०-५५ दिवसांनी, पुढे दर महिन्याला. सकाळी उपाशी जनावराला दवाने भिजलेला घास टाकू नका, पोट फुगतं. आधी थोडा कडबा खाऊ द्या.

दुसरी अडचण एप्रिल-मे. विहिरीचं पाणी कमी, नेपियर निम्म्यावर. रोज ३० किलो कमी पडणार असं धरलं, साठ दिवसांचे झाले १८०० किलो. हा चारा त्या वेळी उगवणार नाही, तो आधीच मुरघास करून ठेवावा लागतो. थोडा खराब होतो म्हणून ताईंनी सहा गुंठे जास्तीचा मका आषाढात पेरला. कणसाचा दाणा चिकातून पुढे जाऊन घट्ट व्हायला लागला तेव्हा कापला, बारीक कुट्टी केली आणि पिशवीत थर टाकून तुडवून तुडवून भरली. इथे कंटाळा केला की संपलं! आत हवा राहिली की बुरशी. निदान ४५ दिवस उघडायचं नाही. चांगला मुरघास पिवळसर हिरवा असतो, आंबटगोड वास येतो. काळा, पांढऱ्या बुरशीचा भाग गाभण जनावराला तर नाहीच, कुणालाच घालू नका.

आता ॲझोला. याच्याबद्दल फार मोठं सांगितलं जातं, म्हणून आम्ही मोजून पाहिलं. सात फूट बाय पाच फुटांचा खड्डा, त्यात प्लास्टिकचा कागद, १०-१५ किलो चाळलेली माती, दोन किलो ताजं शेण पाण्यात कालवून, थोडं सुपर फॉस्फेट, चार बोटं पाणी आणि एक किलो ॲझोला. दोन आठवड्यांत खड्डा भरला, मग रोज अर्धा किलोच्या आसपास निघू लागला. पण ताज्या ॲझोलात किलोमागे ९०० ग्रॅमच्या वर नुसतं पाणीच. म्हणजे तो चाऱ्याच्या जागी नाही, पेंडीला जोड म्हणून आहे. आमच्या एकीने ॲझोला सुरू करून पेंड एकदम निम्मी केली, आठवड्यात दूध उतरलं. एका गाईला रोज दीड किलो द्यायचा तर असे तीन खड्डे हवेत.

दर पाच दिवसांनी एक किलो शेण आणि चमचाभर सुपर फॉस्फेट, दहा दिवसांनी पाव भाग पाणी बदलायचं. ॲझोला लालसर झाला तर ऊन जास्त झालंय किंवा फॉस्फेट कमी पडलंय. पहिल्या वर्षी मार्चअखेर आमचे उघड्यावरचे खड्डे करपून गेले, लिंबाखाली होता तो एकच वाचला. त्यात मूठ-दोन मूठ जपून ठेवलेला ॲझोलाच पावसाळ्यात पुन्हा सगळ्यांनी वाटून नेला. खायला घालण्याआधी शेणाचा वास जाईपर्यंत तीनदा धुवा आणि पहिले आठ दिवस भुश्शात कालवून द्या, नाहीतर म्हैस तोंडसुद्धा लावत नाही.