राईत पडलेलं झाड आणि त्याच्या खालची जागा

(शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं भाषण. बोललं तसंच लिहून काढलं आहे.)



काल आपण सगळे राईत जाऊन पडलेलं जांभूळ बघून आलो. पुढच्या महिन्यात अशाच जागा साफ करून तिथं रोपांसाठी खड्डे खणायचं काम निघणार, असं आपल्या गावात सांगून गेलेत. कागदावर त्या जागेला ‘रिकामी’ म्हटलंय. मजुरी आपल्याला पाहिजे, ते मी नाकारत नाही. पण ती जागा रिकामी आहे का, एवढंच मला आज सांगायचंय.

घाटमाथ्यावरचं आपलं रान बारमाही हिरवं. जांभूळ, अंजनी, पिसा, आंबा यांची पानं वर एकात एक गुंतलेली असतात. भर दुपारी खाली उभं राहिलं तर उघड्यावरच्या शंभर भाग उजेडातला एक-दोन भागच आपल्यापर्यंत पोचतो. मोठं झाड पडलं की त्या छपराला भोक पडतं. त्याला मी खिडकी म्हणते. रानात नवीन झाडं मोठी होतात ती बहुतेक अशा खिडकीखालीच.

तिथं दोन जातीचे वारसदार वाट बघत असतात, आणि दोघांची वाट बघायची रीत वेगळी.

पहिले मातीत झोपलेले. खरगूळ आणि चांदाडा यांचं बी बारीक. पाखरं फळ खातात, बी रानभर टाकतात, आणि खरगुळाचं बी तर मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतं. त्याला कसं कळतं की वर झाड पडलंय? हिरवं पान लाल उजेड स्वतःसाठी ठेवून घेतं, आणि लालच्या पलीकडचा, आपल्या डोळ्याला न दिसणारा उजेड खाली सोडतं. बियाला खाली दुसराच उजेड जास्त मिळाला तर ते झोपून राहतं. लाल उजेड पुरेसा मिळाला, शिवाय माती दुपारी तापून रात्री गार पडायला लागली, की ते उठतं.

खरं वाटत नसेल तर करून बघा. पावसाच्या तोंडाला दाट सावलीतला पालापाचोळा बाजूला सारून वरची चार बोटं माती दोन पाट्या आणा. पातळ पसरा, ओली ठेवा. एक पाटी उघड्यावर, एक दाट झाडाखाली. कुठल्या पाटीत काय उगवतं ते पोरांना मोजायला लावा.

दुसरे वारसदार उभे राहून वाट बघणारे. जांभळाचं, आंब्याचं बी मोठं. ते मातीत टिकत नाही, सुकलं की मेलं. म्हणून ते पडल्या पावसातच रुजतं. बियातल्या शिदोरीवर सावलीत रोप उभं राहतं, आणि मग वर्षानुवर्षं गुडघ्याएवढंच. काल मी दाखवलेलं रोप आठवा. उंची गुडघ्याइतकी, पण बुडखा अंगठ्याएवढा जाड, आणि खोडावर पानं गळाल्याच्या खुणा अगदी जवळजवळ. असं रोप यंदाचं नसतं. ते तिथं कितीतरी पावसाळे काढून बसलेलं असतं. आपण त्याला झुडूप समजून कोयता मारतो.

आता कोण जिंकणार, हे बरंचसं खिडकीच्या आकारावर ठरतं. यावर पनामा देशात बारो कोलोराडो नावाच्या बेटावर मोजणी झाली. पनामा कालव्यासाठी नदी अडवून तळं केलं, तेव्हा एक डोंगर पाण्यात बेट होऊन राहिला. तिथं निकोलस ब्रोकॉ यांनी खिडक्या मोजून, त्यात उगवलेल्या रोपांवर वर्षानुवर्षं नजर ठेवली आणि 1987 साली ते छापलं. त्यांची खूण सोपी आहे. वरून उभी रेघ सोडली आणि जमिनीपासून दोन मीटर उंचीपर्यंत मध्ये काही आडवं आलं नाही, तर ती खिडकी.

तिथं आपल्या खरगुळाचा भाऊबंदच आहे. तो साधारण 376 चौरस मीटरपेक्षा मोठ्या खिडकीतच टिकला, पण वाढला तर एका वर्षात सात मीटरपर्यंत. सेक्रोपिया नावाच्या झाडाला सुमारे 215 चौरस मीटर पुरले. मायकोनिया नावाचं तिसरं झाड 102 वर भागवून घेत होतं, पण वाढत होतं सगळ्यात हळू. म्हणजे जो जोरात पळतो त्याला जास्त उजेड लागतो. ते आकडे आपल्या रानाला जसेच्या तसे लावू नका, आपला उन्हाळा जास्त लांब आहे. पण हिशेबाची रीत घ्या.

आपल्या जांभळाची खिडकी आम्ही दोरीनं मोजली. लांबी 22 मीटर, रुंदी 14. लांबट गोल धरून सुमारे 240 चौरस मीटर. पण ती सगळी एकसारखी नाही. मुळं उपटली तिथं उघड्या लाल मातीचा खड्डा झालाय. चांदाड्याची गोल ढालीसारखी पानं, ज्यांचा देठ पानाच्या कडेला नसून आत चिकटलेला असतो, ती सगळी तिथं दिसली. खरगुळाची चार-दोन रोपंही तिथंच. शेंडा पडला तिथं फांद्यांचा ढीग आहे. खालची बरीच रोपं चेचली, पण पाला कुजून तिथं खत होतंय. आणि मधे, खोडाच्या दोन्ही अंगांना, जांभूळ आणि अंजनीची जुनी रोपं उभी आहेत. त्यांना नवीन पालवी फुटलीये.

पुढं काय होईल? चांदाडा दोन-तीन वर्षांत डोक्यावर जाईल. त्याची सावली पडली की त्याचंच बी खाली उठणार नाही, पण जांभळाच्या रोपाला ती सावली चालते, उन्हाच्या चटक्यापासून राखतेही. चांदाडा मऊ लाकडाचा, लवकर म्हातारा होतो. तो पडला की जागा जांभळाची. खिडकी लहान असती, तर शेजारच्या झाडांनी फांद्या पसरून ती मिटवली असती आणि चांदाडा उजेडावाचून मेला असता. उलट सगळं रानच तोडलं तर माती सुकते, उभी वाट बघणारी रोपं तोडीत चिरडतात, आणि घाणेरी घुसली की ती बाकीच्यांना दाबते. झाड पडणं आणि रान तोडणं यात हाच फरक आहे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, खिडकी पडली म्हणून कुठलंही झाड उगवत नाही. ज्याचं बी किंवा रोप तिथं आधी पोचलंय, त्यातलंच येणार. जवळपास फळणारं जांभूळ उरलं नाही, फळं खाणारी पाखरं गेली, तर नुसता उजेड काय करील? दोन, खाली सागाचं पानगळीचं रान आहे, त्याला हा हिशेब लागू नाही. तिथं उन्हाळ्यात उजेड तसाही जमिनीवर येतो, आणि पुष्कळ झाडं बुडख्यातून फुटतात.

आता कामाचं. ‘साफसफाई’ म्हणजे कोयत्यानं तीच जुनी रोपं जाणार, दहा-पंधरा वर्षांची वाट एका सकाळी संपणार, आणि त्या जागी पिशवीतलं यंदाचं रोप लागणार. खोड ओढून नेलं तर उरलेलीही चिरडतील. म्हणून माझं म्हणणं असं: खड्डे खणायचे ते राईबाहेरच्या उघड्या उतारावर खणू, मजुरी तेवढीच मिळेल. राईतल्या प्रत्येक खिडकीत आधी मोजणी करू. लांबी-रुंदी, उभी रोपं किती, कुठल्या जातीची, किती बुडखे जाड. तो कागद ग्रामसभेत वाचू, सह्या-अंगठे घेऊ, आणि मग साहेबांना विचारू की यात रिकामी जागा कुठली.

मोजणीला उद्या सकाळी निघायचंय. दोरी माझ्याकडं आहे. झाडांची नावं सांगायला जुनी माणसं पाहिजेत.

एवढं बोलून थांबते. जिंदाबाद.