पिन जागा दाखवते, बाजू आपण सांगायची

आज मी एका छोट्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. रिक्षावाल्याला आपण लोकेशनची पिन पाठवतो आणि तिच्यामागून एक व्हॉइस मेसेज पाठवतो. त्या मेसेजमध्ये नेमकं काय बोलायचं, एवढाच आजचा विषय आहे.

निवृत्तीनंतर मी हैदराबादला राहतो, म्हणून उदाहरण इथलंच घेतो. पण दिल्लीत, बेंगळुरूत, इंदूरमध्ये, जिथे मधे दुभाजक असलेला मोठा रस्ता किंवा उड्डाणपूल आहे, तिथे हाच प्रश्न येतो. आमच्याकडे तो आला पत्नीच्या गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर. आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला अत्तापूरला जावं लागे. जाताना अडचण नव्हती, रिक्षा घराच्या दारात यायची. अडचण परतताना होती. क्लिनिक पी. व्ही. नरसिंह राव एक्स्प्रेसवेच्या खालच्या रस्त्यावर आहे. हा उंचावरचा रस्ता मेहदीपट्टणमपासून आरामघरपर्यंत अकरा किलोमीटरांहून थोडा जास्त लांब आहे आणि त्याच्याखालून दोन्ही दिशांची वाहतूक अखंड चालू असते. वॉकर घेऊन चालणाऱ्या बाईला तो रस्ता ओलांडणं शक्यच नव्हतं. रिक्षा पलीकडच्या बाजूला येऊन उभी राहिली, तर ती आली काय नि न आली काय, सारखंच.

आता पिन काय करते ते पाहू. मोकळ्या आकाशाखाली साध्या मोबाइलचं जीपीएस साधारण पाच मीटरपर्यंत बरोबर जागा दाखवतं. पण आपण उभे असतो इमारतीच्या आत, नाहीतर उड्डाणपुलाशेजारी. तिथे उपग्रहाचे संदेश भिंतींवर आपटून फिरून येतात आणि चूक वाढते. नकाशावर आपल्या निळ्या ठिपक्याभोवती फिकट निळं वर्तुळ दिसतं ना, ते त्या चुकीचं माप आहे. वर्तुळ मोठं असेल, तर फोन सांगतोय की तुम्ही यात कुठेतरी आहात, नक्की कुठे ते मला ठाऊक नाही. एवढ्या चुकीने पिन सहज दुभाजकाच्या पलीकडे जाऊन पडते.

म्हणून पिन पाठवण्याआधी दोन गोष्टी करायच्या. एक, बाहेर येऊन अर्धा मिनिट थांबायचं आणि वर्तुळ लहान होऊ द्यायचं. दोन, ठिपका तरीही चुकीच्या ठिकाणी दिसत असेल, तर गूगल मॅप्समध्ये नकाशा मोठा करून आपण उभे आहोत त्या बाजूच्या रस्त्याच्या कडेवर बोट दाबून धरायचं. तिथे लाल पिन पडते. ती शेअर करायची.

एवढं करूनही पिन तीन गोष्टी सांगू शकत नाही. तुम्ही पुलाच्या वर आहात की खाली, हे ती सांगत नाही, कारण वरून पाहिलं तर दोन्ही रस्ते एकावर एक आहेत. गाडी कुठल्या दिशेने यायला हवी, हे सांगत नाही. आणि तिथे पोचल्यावर डोळ्यांना काय दिसेल, हेही सांगत नाही. व्हॉइस मेसेज या तीन गोष्टींसाठीच असतो. जे पिन सांगते, ते पुन्हा बोलून दाखवण्यात त्याचे कान अडकवू नका.

लिहून का पाठवायचं नाही, असं कुणी विचारेल. हैदराबादमध्ये एक रिक्षावाला तेलुगू वाचतो, दुसरा उर्दू वाचतो, तिसऱ्याला वाचनाचा कंटाळा असतो. बोललेली हिंदी मात्र तिघांनाही कळते.

आता खुणेबद्दल. या एक्स्प्रेसवेच्या खांबांवर नंबर आहेत आणि इथली माणसं पत्ताच ‘पिल्लर नंबर अमुक’ असा सांगतात. दिल्लीतही मेट्रोच्या खांबांचे नंबर असेच पत्त्यात येतात. ही खूण फार चांगली. ती हलत नाही, रात्री दुकानांसारखी बंद होत नाही आणि रिक्षात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर असते. हे शेवटचं महत्त्वाचं आहे. रिक्षाचं छत खाली असतं, चालकाला वरचं फारसं दिसत नाही. तिसऱ्या मजल्यावरची क्लिनिकची पाटी आपल्याला फुटपाथवरून ठळक दिसते, त्याला मान वाकवून पाहावी लागते. खूण सांगायची ती त्याच्या जागेवरून दिसणारी. एटीएम, चहाची टपरी, ‘मोठं झाड’ या खुणा सोडून द्या. एकासारखी दुसरी शंभर पावलांवर असते.

पण खांबाच्या नंबरातही पिनचाच दोष आहे. खांब रस्त्याच्या मधोमध उभा असतो, तो दोन्ही बाजूंनी दिसतो. ‘एकशे एकतीस नंबरला या’ एवढंच सांगितलं, तर माणूस अगदी बरोबर नंबरला आणि अगदी चुकीच्या बाजूला येऊ शकतो. इथे एक साधी युक्ती कामाला येते. मेहदीपट्टणमकडून आरामघरकडे जाताना नंबर वाढत जातात, उलट येताना कमी होत जातात. आम्हाला मेहदीपट्टणमकडे तोंड असलेली बाजू हवी होती. म्हणजे आमच्यापाशी येताना त्याला नंबर उतरताना दिसले पाहिजेत. नंबर चढत असतील, तर तो अजून पलीकडच्या बाजूला आहे. लेफ्ट-राइटचा घोळ एका वाक्यात मिटतो.

तर आमचा मेसेज साधारण असा असे. रिक्षावाला मेहदीपट्टणमकडूनच येणार आहे, असं धरा. नंबर आणि दुकानं मी उदाहरणादाखल घेतली आहेत.

‘भाई, नमस्ते. फ्लायओवर के नीचे वाले रोड से आना, ऊपर मत चढ़ना. हम अत्तापुर में हैं, मेहदीपटनम जाने वाली साइड पे. आप पहले सीधे आगे निकलना, यू-टर्न लेके वापस आना. यू-टर्न के बाद पिल्लर का नंबर कम होता जाएगा. एक-तीन-एक, वन-थ्री-वन, उसके सामने आपके लेफ्ट हाथ पे हरे बोर्ड की मेडिकल शॉप है. वहीं रुकना. पेट्रोल पंप दिखा, तो समझना आगे निकल गए. मैडम वॉकर के साथ बैठी हैं, मैं सफ़ेद टोपी में रोड पे खड़ा हूँ. नंबर एक बार वापस बोल दो.’

पस्तीस-चाळीस सेकंदांचा मेसेज आहे. त्यातला क्रम पाहा. वर की खाली, हे पहिल्याच वाक्यात आहे, कारण एकदा पुलावर चढलेली गाडी मधे कुठेही उतरू शकत नाही, पुढचा उतार येईपर्यंत जावंच लागतं. जी चूक सगळ्यात महाग पडते, तिचा इशारा सगळ्यात आधी द्यायचा. त्यानंतर बाजू, मग वळण, मग खूण, आणि शेवटी आम्ही कसे दिसतो ते.

नंबर एकेक अंक सुटा करून सांगितलाय. फौजेत वायरलेसवर आम्ही आकडे असेच बोलायचो, आणि इथे तर त्याला आणखी एक कारण आहे. हिंदीतले उनतीस, उनतालीस, उनचास हे आकडे ज्याची मातृभाषा हिंदी नाही, त्याला ऐकताना हमखास गोंधळात टाकतात. वन-थ्री-वन मात्र रहदारीच्या आवाजातही सुटं ऐकू येतं.

पेट्रोल पंपाचं वाक्य काहींना जादा वाटेल. पण नकाशा वाचायला शिकवताना आम्ही जवानांना नेहमी सांगायचो की जिथे पोचायचं तिथल्या खुणेबरोबर तिच्या पलीकडची एक खूणही लक्षात ठेवा. ती दिसली, की आपण पुढे आलो हे कळतं आणि माणूस भलत्याच दिशेला चालत राहत नाही. ही दुसरी खूण मोठी असावी, न चुकणारी असावी. पेट्रोल पंप, मशीद, चर्च, मोठा चौक चालेल.

आणि शेवटचं वाक्य, ‘नंबर वापस बोल दो’. ‘समझ गए?’ असं विचारलं, तर उत्तर नेहमी ‘हाँ साब’ असंच येतं, समजलं असो वा नसो. नंबर परत म्हणायला लावला, की कुठे चुकलं ते लगेच कळतं. हा मेसेज तो निघण्याआधी पोचला पाहिजे. चालत्या रिक्षात एका हाताने फोन कानाला लावून ऐकायला लावणं त्याच्याही जिवावर बेततं आणि आपल्याही.

तरी काही वेळा गडबड होतेच. ‘आ गया साब’ म्हणून फोन येतो आणि रिक्षा दिसत नाही. अशा वेळी ‘कहाँ हो?’ विचारू नका, तो म्हणेल ‘लोकेशन पे’. विचारा, ‘सामने कौन सा नंबर दिख रहा, और उसके पहले कौन सा था?’ समजा तो म्हणाला, आत्ता १३०, आधी १२९. नंबर चढतायत, म्हणजे तो पलीकडच्या बाजूला आहे आणि यू-टर्न अजून घ्यायचाय. तो म्हणाला, आत्ता १२८, आधी १२९, तर बाजू बरोबर आहे, फक्त तीन खांब पुढे गेलाय. दोन नंबर विचारले, तर जागा आणि दिशा दोन्ही कळतात. एका नंबरात फक्त जागा कळते.

तीन खांब पुढे गेला असेल, तर त्याला तिथेच कडेला थांबायला सांगा. ‘थोडा पीछे ले लो’ म्हणू नका. समोरून सुसाट येणाऱ्या गाड्यांच्या तोंडावर तो उलटा येतो. त्याच्यापर्यंत आपण चालत जावं. वॉकर असलेल्या माणसाला ते जमत नसेल, तर त्याला पुन्हा पूर्ण फेरा घ्यायला सांगा आणि त्या फेऱ्याचे पैसे वर द्या. पाच-सात मिनिटं जास्त लागतात, पण रिक्षा आपल्या पायाशी येते.

या पद्धतीची मर्यादाही सांगतो. जिथे खांब नाहीत, जुन्या गल्ल्या आहेत, तिथे चढते-उतरते नंबर मिळणार नाहीत. तिथे रिक्षा शिरू शकेल अशा शेवटच्या रुंद कोपऱ्यावर पिन टाका आणि आजारी माणसाला खुर्ची देऊन तिथे बसवा. कोपऱ्याच्या आधीची एक खूण आणि नंतरची एक खूण सांगा. रस्त्याची बाजू मात्र तिथेही सांगावीच लागते.