चार चौकोनांची रुंदी



ईसीजीच्या कागदावर बारीक चौकोन छापलेले असतात. कागद नेहमीच्या वेगाने सरकत असला, तर एक चौकोन म्हणजे 40 मिलिसेकंद. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांत, म्हणजे जवनिकांमध्ये, विजेची लहर पसरते तेव्हा कागदावर टोकदार रेघ उमटते. तिला क्यूआरएस म्हणतात. निरोगी हृदयात ती तीन चौकोनांच्या आत आटोपते.

समजा, साठीच्या एक बाई आहेत. जिना चढताना दम लागतो, रात्री उशाला दोन उशा लागतात, पावलं सुजतात. निरोगी डावी जवनिका दर ठोक्याला आतलं निम्म्याहून अधिक रक्त बाहेर टाकते. इकोत यांचा आकडा 28 टक्के आला. आणि क्यूआरएस भरली चार चौकोन, 160 मिलिसेकंद. निदान झालं लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक.

याचा अर्थ, डाव्या जवनिकेकडे जाणारी विजेची वाट अडली आहे. लहर उजवीकडून येते आणि स्नायूतून रखडत डावीकडे पोचते. त्यामुळे दोन जवनिकांमधला पडदा आधी आकसतो आणि पलीकडची भिंत मागाहून. ओली चादर दोघांनी पिळायला घ्यावी, आणि एकाने पीळ देऊन हात सैल सोडल्यावर दुसऱ्याने सुरुवात करावी, तसं हे होतं. जोर दोघांचा लागतो, पाणी मात्र थोडंच निघतं. रक्त महारोहिणीत जाण्याऐवजी आतल्या आत ढकललं जातं आणि मिट्रल झडपही गळू लागते.

अशा वेळी उपयोगी पडते सीआरटी, कार्डियाक रिसिंक्रोनायझेशन थेरपी. गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकर बसवतात. एक तार उजव्या वरच्या कप्प्यात, एक उजव्या जवनिकेत. तिसरी कोरोनरी सायनस या शिरेतून डाव्या जवनिकेच्या बाहेरच्या भिंतीपाशी. दोन्हीकडून जवळजवळ एकदमच इशारा मिळाला, की पडदा आणि भिंत बरोबरीने आकसतात. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या ‘केअर-एचएफ’ अभ्यासात, नुसत्या औषधांपेक्षा औषधांसह सीआरटी घेणाऱ्यांत मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी दिसले.

मग हृदय अशक्त असलेल्या प्रत्येकालाच हे यंत्र का बसवू नये? 2013 च्या ‘इको-सीआरटी’ अभ्यासात 130 मिलिसेकंदांहून अरुंद क्यूआरएस असलेल्यांना ते बसवून पाहिलं. फायदा तर झाला नाहीच, उलट यंत्र चालू ठेवलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. जिथे विजेची लहर वेळेवर पोचतेच आहे, तिथे दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

रुंद क्यूआरएस असूनही काहींना गुण येत नाही. कधी तार जुन्या हार्ट अटॅकच्या निर्जीव भागावर बसते. कधी अनियमित ठोके मध्येच घुसतात आणि यंत्राची संधी हुकते. दोन्ही जवनिकांना इशारा जवळपास प्रत्येक ठोक्याला मिळायला हवा. डावी तार श्वासपटलाच्या नसेजवळ असली, तर उचकीसारखे झटके बसतात. बहुधा यंत्राची मांडणी बदलून ते थांबवता येतात.

म्हणून औषधं नीट चालू असूनही इकोतला आकडा 35 टक्क्यांच्या वर जात नसेल, तर डॉक्टरांना विचारा: क्यूआरएस किती रुंद आहे, आणि ब्लॉक डावीकडचा आहे का? यंत्र बसलं तरी औषधं सोडायची नाहीत.