आता फोन कुणाला करायचा?

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



ऑफिसातल्या एका मेलवर बोलायला माणूस बोलावला, म्हणजे संयोजकांचे वक्ते संपले असणार, असं आमच्या घरातलं मत आहे. असेलही. पण पुण्यात सॉफ्टवेअरच्या नोकरीत उभी हयात काढताना मला पाच वेळा टीम मोडून पुन्हा जुळवावी लागली, आणि प्रत्येक वेळी हा एक मेल लिहिताना घाम फुटला. टीम बदलली हे सांगणारा मेल. तो ग्राहकही वाचतो आणि ज्याची खुर्ची हलली तो सहकारीही वाचतो. एकाला हवं असतं, ‘काही बिघडणार नाही’. दुसऱ्याला हवं असतं, ‘माझं काय बिघडलंय ते निदान खरं सांगा’.

पहिल्या वेळचा माझा मेल अजून पाठ आहे. ‘सेवेचा दर्जा व कार्यक्षमता उंचावण्यासाठी आम्ही टीमची पुनर्रचना करत आहोत.’ वाक्य मला तेव्हा भारदस्त वाटलं होतं. सोमवारी सकाळी मेल गेला आणि अकराच्या सुमारास एका ग्राहकाच्या खरेदीप्रमुखांचा फोन आला. ‘म्हणजे आजवर दर्जा खाली होता, हे तुम्हीच लिहून देताय तर!’ पुढच्या कराराच्या बोलणीला त्यांनी त्या मेलची प्रिंट सोबत आणली आणि दरात सूट मागितली. त्यांचं काय चुकलं? लिहिलं मीच होतं.

त्याच दिवशी याहून वाईट गोष्ट घडली. आमच्या टीममध्ये एक बाई होत्या, सगळे त्यांना ताईच म्हणायचे. औषधवितरण करणाऱ्या एका ग्राहकाचं काम त्या आठ वर्षं बघत होत्या. त्या ग्राहकाने त्यांना फोन करून अभिनंदन केलं. कशाबद्दल, ते ताईंना ठाऊक नव्हतं. मी त्यांच्याशी ‘दुपारी निवांत’ बोलणार होतो आणि मेल सकाळीच गेला होता. ताई माझ्या टेबलाशी आल्या, एवढंच म्हणाल्या, ‘सर, मला आधी सांगायचं होतंत.’ त्यावर उत्तर नव्हतं, आजही नाही.

तीन वर्षांनी पुन्हा वेळ आली. चौदा जणांची टीम, तीन ग्राहक, प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र गट. अडचण अशी, की एका गटातले दोघं एकदम रजेवर गेले की त्या ग्राहकाचं काम अडायचं, आणि शेजारच्या गटाला काही माहीत नसायचं. म्हणून तिन्ही ग्राहकांच्या तक्रारी घेणारं एक सामाईक डेस्क आणि नवे बदल करणारी वेगळी टीम, अशी मांडणी ठरली. यात ताई ग्राहकापासून दूर होऊन चाचणीच्या कामाकडे जाणार होत्या. आणि आमचा एक टीम लीड, ज्याच्या हाताखाली पाच जण होते, त्याच्याकडे आता एकही असणार नव्हता.

या वेळी मेल पाठवण्याआधी नऊ दिवस गेले. आधी ज्यांचं काम बदलणार त्यांच्याशी एकेक करून, दार लावून बोललो. पगार, पदनाम, वार्षिक मूल्यमापन कोण करणार, एवढं तरी त्याच बैठकीत सांगता आलं पाहिजे, म्हणून एचआरकडून ते आधी लेखी घेतलं होतं. मग टीम. मग तिन्ही ग्राहकांना फोन. एका करारात काही माणसांची नावं लिहिलेली होती आणि त्यांना बदलायचं तर तीस दिवस आधी कळवायचं कलम होतं. हे कलम मॅनेजर सहसा विसरतो, ग्राहकाचा वकील विसरत नाही. मेल या सगळ्याच्या शेवटी. ज्यांची नावं त्यात होती त्यांनी तो आधी वाचला होता.

टीम लीडबद्दलचं वाक्य मी असं लिहिलं होतं: ‘त्यांनी स्वेच्छेने तंत्रज्ञ म्हणून नवी, मोठी जबाबदारी स्वीकारली आहे.’ त्याने पेन काढलं आणि ‘स्वेच्छेने’ खोडलं. म्हणाला, ‘मी मागितलं नव्हतं सर, टीमला ठाऊक आहे.’ मग ‘मोठी’ही खोडलं. उरलं ते असं: ‘गेली चार वर्षं या गटाचं नेतृत्व त्यांनी केलं, रात्रीचं बिलिंग बंद न ठेवता जुना डेटाबेस नव्यावर नेण्याचं काम त्यांनी पार पाडलं. 1 तारखेपासून ते तिन्ही ग्राहकांच्या डेटाबेसचं काम बघतील. ही रचना मी ठरवली आहे.’ शेवटचं वाक्य माझं. ‘असा निर्णय घेण्यात आला आहे’ असं लिहिलं की निर्णयाला आईबाप उरत नाहीत, आणि रागावलेल्या माणसाला रागवायला कुणी सापडत नाही. कौतुकही मोघम नको. ‘मोलाचं योगदान’ कुणालाही चिकटवता येतं. डेटाबेस त्यानेच हलवला होता.

मोघमपणा कुठवर जातो, याचा एक जाहीर नमुना सांगतो. 17 जुलै 2014 रोजी मायक्रोसॉफ्टचे अधिकारी स्टीफन एलॉप यांनी आपल्या सहकाऱ्यांना मेल लिहिला. सुरुवात ‘हॅलो देअर’ अशी. मग फोन, बाजार, धोरण यांवर परिच्छेदामागून परिच्छेद. सुमारे 12,500 नोकऱ्या जाणार, हा आकडा बराच खाली. आमची तर कुणाची नोकरीही जात नव्हती. पण ज्याच्या पोटात गोळा आलाय त्याला आधी धोरण वाचायला लावायचं नाही, हे मी त्यातून घेतलं.

ग्राहकासाठीचा भाग सगळ्यात वर, आणि चार ओळींचा ठेवला. कारण ग्राहकाचा प्रश्न एकच: आता फोन कुणाला करायचा? ‘1 तारखेपासून आपल्या तक्रारी सामाईक डेस्क घेईल. फोन नंबर आणि मेल पत्ता तेच आहेत. दर, तक्रार सोडवण्याच्या मुदती आणि चालू तक्रारींचे क्रमांक बदलत नाहीत. अडलं तर थेट मला’ आणि पुढे माझा मोबाइल. रचना का बदलली, तर ‘कुणी रजेवर असलं तरी आपलं काम अडू नये म्हणून’. ही अडचण त्यांनी स्वतः भोगली होती, त्यामुळे त्यात कुणाच्या जुन्या कामावर शिंतोडा नव्हता. ‘काहीच त्रास होणार नाही’ असं मात्र लिहिलं नाही. पहिले दोन आठवडे उत्तराला थोडा जास्त वेळ लागू शकतो, असंच लिहिलं.

त्या लिहिण्यामागे काम होतं, ते नसतं तर मेल नुसता कागद. पहिले दोन आठवडे ताई काम करत आणि डेस्कवरचा मुलगा शेजारी बसून बघे. पुढचे दोन आठवडे तो करी, ताई बघत. महिनाअखेरीचा साठा जुळवण्याचं काम या चार आठवड्यांत एकदा तरी यावं, म्हणून तारखा तशा धरल्या. कारण खरी गोम तिथेच होती, कुठेही न लिहिलेली, ताईंच्या डोक्यात.

नवी घडी बसली की नाही हे कळायला मी दर शुक्रवारी एकच मोजत असे: ग्राहकाचे किती फोन अजून ताईंच्या मोबाइलवर येतात. पहिल्या आठवड्यात अकरा, चौथ्यात दोन. ते दोन्ही एकाच गोदाम व्यवस्थापकाचे. ताई त्याला शांतपणे डेस्कचा नंबर सांगायच्या. शेवटी मीच त्याला विचारलं, ‘साहेब, मेलमध्ये पहिल्याच परिच्छेदात लिहिलंय की.’

‘कुठला मेल?’ तो म्हणाला.