करंगळी पंचमावर

चिमूर, ब्रह्मपुरी, आरमोरी या पट्ट्यातल्या भजन मंडळांत खंजिरी आणि गाणाऱ्याचा गळा हेच मुख्य. १९४२ साली चिमूर पेटलं, त्यामागे तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं होती. आता पेटीच्या जोडीला कीबोर्ड येतोय आणि शिकणाऱ्या पोराला आधी चाल वाजवायला लावतात. मला ते पटत नाही. चाल गळ्यात आहेच. कीबोर्डनं तिच्याखाली सूर धरावा.

आवाज ऑर्गनचा निवडा. पियानोचा सूर दाबून ठेवला तरी विरत जातो. यंत्रातला ठेका बंद ठेवा. खंजिरीवाला शेवटी लय वाढवणार आणि यंत्र आपल्याच चालीनं जाणार. गाणाऱ्याची पट्टी काळी दोन असेल तर ट्रान्सपोज तीनने वर न्या, म्हणजे पोराचा सा पांढरी एकवरच राहतो.

डाव्या हातानं सा आणि प दाबून धरायचे. फार खालच्या सप्तकात नको, लहान स्पीकरवर सूर गढूळ होतो. सुरुवातीला पूर्ण भजनभर एवढंच करू द्या.

मग उजवा हात. अंगठा सा वर, मधलं बोट ग वर, करंगळी प वर: ही पहिली जोड. दुसरीसाठी करंगळी प वरून हलत नाही. अंगठा सा सोडून त्याच्या लगतच्या खालच्या नि वर येतो आणि तर्जनी रे दाबते. इथेच घोटाळा होतो: डाव्या हाताचा सा तसाच राहिला तर तो नि ला खटकतो, कानाला टोचल्यासारखं वाटतं. म्हणून दुसऱ्या जोडीला डाव्या हातानं सा सोडायचा, प धरून ठेवायचा. पहिलीवर परतताना सा पुन्हा दाबायचा.

बदलायचं कधी? ओळ कुठे थांबते ते ऐकायचं. समजा आठ मात्रांच्या ठेक्यात ध्रुपदाचं पहिलं आवर्तन सा, रे, ग करत ग वर रेंगाळतं, आणि दुसरं रे वर सुरू होऊन नि ला शिवून सा वर येतं. पहिलं आवर्तन सगळं पहिल्या जोडीवर काढा. मधे रे चाटून गेला म्हणून हात हलवू नका. दुसऱ्या आवर्तनाच्या समेवर दुसरी जोड घ्या, चार मात्रा धरा आणि पाचव्या मात्रेला पहिलीवर या. पोराला आधी टाळी देत, तोंडानं ‘एक’, ‘दोन’ म्हणत ही जागा दाखवायला लावा, हात नंतर.

चाल भूपाची असेल तर तिच्यात नि नाही. तेव्हा दुसऱ्या जोडीत अंगठा उचलून ठेवावा, रे आणि प पुरेत. भैरवीत रे, ग, नि कोमल असतात. तिथे या दोन्ही जोड्या चालीशी भांडतील. अशा वेळी उजवा हात मांडीवर ठेवून डाव्यानं नुसता सा-प धरावा.