जुना फोन एवढ्यात देऊ नका



नवा फोन हातात आला की जुन्याची रवानगी करायची घाई होते. त्या फोनमध्ये ई-सिम असेल, तर ही घाई हमखास नडते.

नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंचं उदाहरण घ्या. मुलानं नवा फोन पाठवला. जुना एक्स्चेंजमध्ये द्यायचा होता, म्हणून बाईंनी तो रिसेट केला. रिसेट करताना ‘ई-सिमही पुसायचं का?’ असा प्रश्न आला, त्यालाही त्यांनी होकार दिला. वर्षभरापूर्वीच्या ई-मेलमधला क्यूआर कोड जपून ठेवला होताच. नव्या फोननं तो स्कॅन केला आणि उत्तर आलं, हा कोड आता चालणार नाही.

बाईंना वाटलं, फोन सदोष आहे. फोन चांगलाच होता. क्यूआर कोड म्हणजे सिम नव्हे. कंपनीच्या सर्व्हरवर तुमच्यासाठी एक प्रोफाइल तयार असतं, ते उतरवून घेण्याचा पत्ता आणि परवाना त्या कोडमध्ये असतो. हा परवाना सहसा एकदाच वापरता येतो. उतरलेलं प्रोफाइल त्या फोनच्या चिपशी बांधलं जातं. ते पुसलं म्हणून कंपनीकडे आपोआप परत जात नाही. नव्या फोनसाठी कंपनीला नवं प्रोफाइलच द्यावं लागतं.

ते मागायचं कसं? काही फोनमध्ये जुन्यावरून नव्यावर ई-सिम हलवायची सोय सेटिंगमध्येच असते, पण ती दोन्ही फोनना आणि तुमच्या कंपनीलाही चालली पाहिजे. नाहीतर कंपनीच्या ॲपवरून किंवा एसएमएसनं मागणी करायची. कुणी नोंदवलेला ई-मेल पत्ता मागतं, कुणी नव्या फोनचा ईआयडी मागतं. हा 32 आकडी क्रमांक स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश दाबलं की स्क्रीनवर दिसतो. तो दिसलाच नाही, तर या फोनला ई-सिम चालतं का, हे आधी दुकानदाराला विचारा.

मागणी केली की कंपनी खात्री करून घेते, आणि बहुतेकांची अडचण इथंच होते. तो एसएमएस किंवा फोन तुमच्या चालू नंबरवर, म्हणजे जुन्या फोनवरच येतो. उत्तर द्यायला वेळही थोडाच असतो. म्हणून जुना फोन चार्ज करून, रेंजमध्ये, जवळ ठेवा. बाईंचा फोन रिकामा झाला होता, त्यामुळे त्यांना आधार कार्ड घेऊन कंपनीच्या दुकानात जावं लागलं.

खात्री पटली की कंपनीकडून नवा कोड येतो. नवा फोन वाय-फायला जोडून तो स्कॅन करा. कोड नव्या फोनच्याच ई-मेलमध्ये आला असेल, तर तो दुसऱ्या स्क्रीनवर उघडा किंवा छापून घ्या.

आता स्कॅन केलं, तरी रेंज नाही. मग सिमच्या सेटिंगमध्ये बघा. तिथं नंबरची ओळच नसेल, तर प्रोफाइल उतरलेलंच नाही, वाय-फाय तपासा. ओळ आहे, पण सेवा नाही, तर जुना फोन बघा. त्यावर अजून रेंज असेल, तर कंपनीनं नंबर इकडे वळवलेला नाही. याला काही तासही लागू शकतात. दोन्हीकडे शुकशुकाट असेल, तर नव्या फोनमध्ये ती लाइन चालू आहे ना, हे बघून फोन बंद करून सुरू करा. तरीही नाही, तर दुसऱ्या नंबरवरून ग्राहक सेवेला फोन लावा आणि नेमकं विचारा: ‘माझ्या नंबरवर सध्या कोणता आयसीसीआयडी चालू आहे? शेवटचे चार आकडे सांगा.’ तोच क्रमांक फोनच्या ‘अबाउट’ पानावर असतो. आकडे जुळले नाहीत, तर घोळ कंपनीच्या नोंदीत आहे. तुम्ही कितीही वेळा फोन रिस्टार्ट करा, काही होणार नाही. या सगळ्यात प्रोफाइल मात्र पुसू नका. पुसलं, की पुन्हा पहिल्यापासून मागणी आली.

बाईंची रेंज आली, कॉल लागू लागले, पण यूपीआय काही सुरू होईना. बँकेचा ओटीपीही येईना. मुलगा फोनवरून सांगत होता, ‘आई, ई-सिम काढून परत टाक.’ नशीब, बाईंनी ऐकलं नाही. सिम बदललं की आपल्याकडे 24 तास एसएमएस जाणं-येणं बंद ठेवतात, कुणी चोरून सिम बदललं तर खातं रिकामं होऊ नये म्हणून. यूपीआयला नोंदणीसाठी फोनवरून एसएमएस पाठवावा लागतो, तोच अडतो. तेव्हा वीजबिलाची शेवटची तारीख असेल, त्या दिवशी हा उद्योग काढू नका. दुसरी कंपनी घ्यायचा विचार असेल, तर सिम बदलल्यावर 7 दिवस पोर्टिंगचा कोडही मिळत नाही.

आणि ‘तुमचं ई-सिम करून देतो, मी सांगतो तो एसएमएस पाठवा’ असा कुणाचा फोन आला, तर तो ठेवून द्या. त्या एसएमएसमधला ईआयडी किंवा ई-मेल त्याचा असतो. तुमच्या फोनची रेंज अचानक गेली आणि तुम्ही काहीच मागितलेलं नसेल, तर आधी बँकेला फोन करून खातं थांबवा, मग सिमच्या कंपनीला कळवा.