सुमो यंत्रमानव: आधी कड, मग धडक

मिनी सुमोचं रिंगण काळं, 77 सेंटिमीटर व्यासाचं. कडेला अडीच सेंटिमीटरचा पांढरा पट्टा. सेकंदाला एक मीटर धावणारं यंत्र हा पट्टा 25 मिलिसेकंदांत ओलांडतं. म्हणून प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीत आधी खालचे इन्फ्रारेड सेन्सर तपासा. पांढरं दिसलं, तर मागे येऊन वळा. त्यानंतरच समोरचे अंतर मोजणारे सेन्सर वाचा: प्रतिस्पर्धी दिसला तर पूर्ण जोरात धडक, नाहीतर जागेवर फिरत शोध. मध्ये 100 मिलिसेकंद थांबण्याची आज्ञा घातलीत, तर यंत्र दहा सेंटिमीटर आंधळं धावेल. ढकलताना चाकं जागच्या जागी घसरत असतील, तर मोटरचा टॉर्क पुरेसा आहे, पकड कमी पडते आहे. अशा वेळी मोटर बदलू नका. टायरवरची धूळ पुसा आणि वजन चाकांवर आणा.